तीन नियम पुरे आहेत का? चौरसाच्या आठ हालचालींची तपासणी

अकरावीच्या एका कॅडेटने गणित मंडळाच्या तासाला विचारले, "सर, पुस्तकात चौरसाच्या गटासाठी तीनच नियम दिलेत. चौथा एखादा राहून गेला नाही, हे कशावरून?" प्रश्न चांगला होता. पुस्तकात त्यावर एकच ओळ असते आणि ती वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटते. म्हणून हा लेख. पालकांपैकी कोणाला गंमत म्हणून वाचायचा असेल, तर त्यांनीही पुठ्ठ्याचा एक चौरस कापून घ्यावा. त्यापलीकडे काही लागणार नाही.

कोऱ्या कागदावर चौरसाची बाह्यरेषा काढा आणि तिच्या चार कोपऱ्यांना घड्याळाच्या दिशेने १, २, ३, ४ असे क्रमांक द्या. या झाल्या जागा. बाह्यरेषेत नेमका बसेल असा पुठ्ठ्याचा चौरस त्यावर ठेवा. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यांवरही तेच क्रमांक लिहा. मागच्या बाजूलाही त्याच कोपऱ्याला तोच क्रमांक हवा. आता दोन हालचाली ठरवू. r म्हणजे पुठ्ठा घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवणे: जागा १ वरचा कोपरा २ वर जातो, २ वरचा ३ वर, ३ वरचा ४ वर आणि ४ वरचा १ वर. s म्हणजे जागा १ आणि ३ यांना जोडणाऱ्या कर्णाभोवती पुठ्ठा पालथा करणे: १ आणि ३ वरचे कोपरे जागेवर राहतात, २ आणि ४ वरचे एकमेकांची जागा घेतात. हा कर्ण कागदावरचा आहे, पुठ्ठ्यावरचा नव्हे. पुठ्ठा फिरला तरी पालथे करण्याचा कर्ण फिरत नाही. वर्गात गोंधळ होतो तो बहुधा इथेच.

हालचाली एकापुढे एक लिहिल्या की एक "शब्द" तयार होतो. परेडवर हुकूम ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने, म्हणजे डावीकडून उजवीकडे, तो वाचायचा. rs म्हणजे आधी r, मग s. काही पुस्तके उजवीकडून वाचतात. दोन पुस्तकांतली उत्तरे जुळेनात, तर आधी हे पाहावे. काहीच न करणे याला e म्हणू. r⁻¹ म्हणजे r उलटवणारी हालचाल, अर्थात डावीकडे पाव फेरा.

पुस्तकातले तीन नियम असे:

r⁴ = e
s² = e
srs = r⁻¹

पहिले दोन उघड आहेत. चार पाव फेरे म्हणजे पूर्ण फेरा, आणि दोनदा पालथे केले की पुठ्ठा सुलटा. तिसरा करून पाहावा लागतो. जागा १ वरचा कोपरा घ्या: s नंतर १ वरच, r नंतर २ वर, पुन्हा s नंतर ४ वर. जागा २ वरचा: ४, मग १, मग १. ३ वरचा: ३, ४, २. ४ वरचा: २, ३, ३. एकूण १ गेला ४ वर, २ गेला १ वर, ३ गेला २ वर आणि ४ गेला ३ वर. हा डावीकडे पाव फेरा, म्हणजे r⁻¹. तिन्ही नियम खरे आहेत.

खरे असणे आणि पुरेसे असणे या मात्र वेगळ्या गोष्टी. r आणि s यांपासून कितीही लांब शब्द बनवता येतात. त्यांतले कित्येक पुठ्ठ्याला एकाच स्थितीत आणून सोडतात. उदाहरणार्थ rsrs केले तर पुठ्ठा होता तसाच राहतो. तीन नियम पुरेसे आहेत याचा अर्थ असा: पुठ्ठ्यावर खरी ठरणारी अशी प्रत्येक समानता, पुठ्ठ्याकडे न पाहता, केवळ या तीन नियमांचा वापर करून कागदावर मिळवता आली पाहिजे. अशी एक जरी समानता निसटली तर चौथा नियम लागेल. समानता तर अगणित आहेत. एकेक करून तपासणे शक्य नाही. मग करायचे काय?

इथे पुठ्ठा बाजूला ठेवा. आता आपल्याकडे फक्त r आणि s ही दोन अक्षरे आहेत आणि तीन नियम. तिसऱ्या नियमाच्या दोन्ही बाजूंना उजवीकडून s जोडा: srss = r⁻¹s. दुसऱ्या नियमाने ss जाते आणि पहिल्या नियमाने r⁻¹ म्हणजे r³. म्हणून sr = r³s. s जर r च्या आधी आला असेल, तर त्याला r च्या मागे ढकलता येते. त्याबदल्यात एका r चे तीन r होतात, एवढेच.

बहुतेक ठिकाणी यापुढे लिहिलेले असते, "म्हणून प्रत्येक शब्दातले सगळे s मागे नेता येतात." मला हे वाक्य थोडे घाईचे वाटते. प्रत्येक वेळी r वाढत असतील तर ही ढकलाढकली संपेलच हे कशावरून? त्यापेक्षा हिशेबाची वही ठेवावी. वहीत दोनच नोंदी: i हा अंक, ० ते ३ पैकी एक, आणि "सुलटा" किंवा "उलटा" हा शेरा. सुलटा म्हणजे आतापर्यंतचा शब्द "i वेळा r" इतका आहे. उलटा म्हणजे "i वेळा r आणि शेवटी s". सुरुवात ० आणि सुलटा अशी. मग शब्दाचे एकेक अक्षर डावीकडून वाचत जायचे. s आला की शेरा बदलायचा, i तसाच. r आला आणि शेरा सुलटा असेल तर i एकने वाढवायचा. r आला आणि शेरा उलटा असेल तर sr = r³s मुळे i तीनने वाढवायचा. i चार किंवा अधिक झाला की त्यातून चार वजा करायचे, कारण r⁴ = e. r⁻¹ ऐवजी r³ आणि s⁻¹ ऐवजी s लिहिता येत असल्याने उलट्या हालचालींसाठी वेगळी सोय नको.

एक शब्द घेऊन पाहू: srrsrsr. सुरुवात ०, सुलटा. s: ०, उलटा. r: ३, उलटा. पुन्हा r: सहा, म्हणजे २, उलटा. s: २, सुलटा. r: ३, सुलटा. s: ३, उलटा. r: सहा, म्हणजे २, उलटा. उत्तर r²s. शंका असेल तर पुठ्ठ्यावर करून पाहा: सात हुकमांच्या शेवटी १ आणि ३ वरच्या कोपऱ्यांनी अदलाबदल केलेली असेल, २ आणि ४ वरचे जागेवर असतील, आणि r²s ही हेच करते.

शब्द सात अक्षरांचा असो की सातशे, प्रत्येक अक्षराला वहीत एक नोंद होते आणि अक्षरे संपली की काम संपते. शेवटची नोंद चार अंक आणि दोन शेरे यांतली, म्हणजे आठांपैकी एक: e, r, r², r³, s, rs, r²s, r³s. या नियमांनी बांधलेल्या गटात फार तर आठ घटक आहेत, हे सिद्ध झाले.

"फार तर" हे शब्द विसरू नका. अर्धी सिद्धता झाली आहे आणि पुष्कळजण इथेच वही मिटतात. आठ नावे लिहिली म्हणजे आठ घटक झाले असे नाही. एकाच माणसाची दोन नावे असू शकतात. त्याचे एक उदाहरण सांगतो, कारण ते नकल करताना खरोखर घडू शकते. समभुज त्रिकोणासाठी r म्हणजे तृतीयांश फेरा, r³ = e, त्यामुळे r⁻¹ म्हणजेच r². तिथे तिसरा नियम srs = r² असा लिहिला तर काहीच बिघडत नाही. आता कोणी तीच ओळ चौरसाच्या यादीत उतरवली: r⁴ = e, s² = e, srs = r². दिसायला निरुपद्रवी. यातून sr = r²s मिळते, तशीच वही ठेवता येते, तशीच आठ नावे येतात. पण srs चा वर्ग करून पाहा. srs·srs यात मधले ss जाऊन sr²s राहते. नियमाप्रमाणे तोच वर्ग r²·r² = r⁴ = e आहे. म्हणजे sr²s = e. आणि r² च्या जागी srs ठेवले तर sr²s = s·srs·s, म्हणजे नुसता r. म्हणून r = e. फिरवणे नाहीसे झाले! आठ नावांमागे e आणि s असे दोनच घटक उरले. यादीत एक घातांक चुकला आणि गट कोसळला, आणि "फार तर आठ" हे विधान तरीही खरेच राहिले.

आपल्या मूळ यादीत असे काही दडलेले नाही हे कसे दाखवायचे? नियमांशी खेळत बसून ते दिसणार नाही. अजून कोसळला नाही, म्हणजे कोसळणारच नाही असे म्हणता येत नाही. इथे पुठ्ठा पुन्हा हातात घ्यायचा. पुठ्ठ्यावर तिन्ही नियम खरे आहेत हे आपण एकेक कोपरा मोजून पाहिले आहे. म्हणून त्या नियमांतून कागदावर जी कोणती समानता निघेल, ती पुठ्ठ्यावरही खरीच असणार. उलट बाजूने म्हणायचे तर, पुठ्ठ्यावर ज्या दोन शब्दांचे परिणाम वेगळे दिसतात, ते दोन शब्द नियमांनी कधीही समान ठरू शकत नाहीत. हा विचार वाल्थर फॉन डिक या जर्मन गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. जनक आणि संबंध यांवरून गट मांडण्याची पद्धत त्याने १८८२ मध्ये नीट घालून दिली. r आणि s हे इथले जनक आणि तीन नियम हे संबंध.

आता फक्त एवढे पाहायचे की आठ नावे पुठ्ठ्यावर आठ वेगळ्या स्थिती देतात. e, r, r², r³ यांत पुठ्ठ्याची पुढची बाजू वर राहते आणि जागा १ वरचा कोपरा अनुक्रमे १, २, ३, ४ वर जातो. चार वेगळ्या स्थिती. उरलेल्या चारांत मागची बाजू वर येते, म्हणून त्या पहिल्या चारांशी जुळणार नाहीत. आणि त्या आपसात वेगळ्या आहेत, कारण दोन सारख्या निघाल्या असत्या तर दोहोंवर पुन्हा s करून पहिल्या चारांतल्या दोन सारख्या निघाल्या असत्या. एकूण आठ. याहून जास्त स्थिती पुठ्ठ्याला नाहीतच: जागा १ वरच्या कोपऱ्याला चार पर्याय, त्याच्या शेजारच्या कोपऱ्याला मग दोन, आणि बाकीचे दोन आपोआप ठरतात.

वरून फार तर आठ, खालून कमीत कमी आठ. त्या कॅडेटच्या प्रश्नाचे उत्तर इथे पूर्ण होते. कोणतेही दोन शब्द घ्या, जे पुठ्ठ्याला एकाच स्थितीत नेतात. वही दोघांनाही आठांपैकी कोणत्या तरी नावावर आणून सोडेल. ती नावे वेगळी असती तर पुठ्ठ्याच्या स्थितीही वेगळ्या असत्या. म्हणून नाव एकच, आणि दोन्ही शब्द वहीच्या पायऱ्यांनी, म्हणजे तीन नियमांनीच, एकमेकांशी जोडले गेले. एकही समानता निसटली नाही. मघाचा rsrs वहीतून काढा: १ सुलटा, १ उलटा, ० उलटा, ० सुलटा. e मिळाला, वेगळा नियम लागला नाही. srr काढा: ० उलटा, ३ उलटा, २ उलटा, म्हणजे sr² = r²s. अर्धा फेरा पालथे करण्याच्या आधी घ्या की नंतर, फरक पडत नाही. हेही त्या तिघांच्या पोटातच होते.

यानंतर दुसरा प्रश्न येतो: तिन्ही लागतात का, की एखादा फुकट आहे? यासाठी एक युक्ती आहे. ज्या नियमावर संशय आहे तो मोडेल पण बाकीचे दोन पाळले जातील, अशी एक जागा शोधायची. ती सापडली की तो नियम बाकीच्या दोघांतून निघत नाही हे ठरले.

s² = e साठी ही जागा परेड ग्राउंडवरच आहे. r म्हणजे "दाहिने मुड" आणि s म्हणजे "बाएँ मुड" घ्या. चार दाहिने मुड म्हणजे मूळ तोंड, पहिला नियम पाळला. बाएँ, दाहिने, बाएँ हे तीन हुकूम मिळून एक बाएँ, आणि ते r⁻¹ आहे, तिसराही पाळला. पण दोन बाएँ मुड म्हणजे "पीछे मुड", e नव्हे. दुसरा नियम मोडला. तिसऱ्या नियमासाठी r तोच दाहिने मुड ठेवा आणि s म्हणजे टोपी घालणे किंवा काढणे. r⁴ = e, s² = e दोन्ही खरे. पण टोपी काढा, दाहिने मुडा, टोपी घाला: उरते दाहिने मुड, म्हणजे srs = r. टोपीला दिशेशी देणेघेणे नाही, म्हणून r⁻¹ येत नाही. आणि पहिल्या नियमासाठी एक लांब रस्ता कल्पा, दोन्ही दिशांना न संपणारा, किलोमीटरच्या दगडांवर ०, १, २, ३ आणि मागे −१, −२, −३. r म्हणजे एक दगड पुढे सरकणे, s म्हणजे x वरून −x वर जाणे. x वरून निघा: s ने −x, r ने −x + 1, s ने x − 1. srs = r⁻¹ आहे, s² = e आहे, पण r कितीही वेळा करा, परत येत नाही. हा गट अनंत आहे. तेव्हा तीनपैकी एकही काढता येत नाही.

चौरसाच्या जागी n बाजूंची नियमित आकृती घेतली तर r⁴ ऐवजी rⁿ, वहीत i ० पासून n − 1 पर्यंत, आणि उलट्या शेऱ्यावर r आला की i एकने कमी करायचा. चौरसात तीनने वाढवणे म्हणजे हेच होते. घटक 2n येतात. तिसरा नियम r⁻¹ असाच लिहावा, म्हणजे त्रिकोणाच्या r² सारखा घोटाळा होणार नाही. या गटाला डायहेड्रल गट म्हणतात. चौरसाच्या गटाला कोणी D₄ लिहितात, बाजूंवरून, तर कोणी D₈, घटकसंख्येवरून. पुस्तक बदलले की हेही पाहून घ्यावे.

आपली वही ही टॉड आणि कॉक्सेटर यांनी १९३६ मध्ये दिलेल्या मोजणीच्या पद्धतीचे छोटे रूप म्हणता येईल. संगणक प्रयोगशाळेत गॅप ही मोफत प्रणाली असेल तर तीच मोजणी अशी करून घेता येते:

```
F := FreeGroup("r","s");;
r := F.1;; s := F.2;;
Size(F/[r^4, s^2, s*r*s*r]);
Size(F/[r^4, s^2, s*r*s*r^-2]);
```

पहिले उत्तर 8, दुसरे 2, म्हणजे तो कोसळलेला गट. प्रत्येक संबंध "= e" या रूपात आणून द्यायचा असतो, म्हणून srs = r⁻¹ इथे srsr असा दिसतो. पण गट अनंत असेल तर संगणक मोजतच राहू शकतो, आणि तो संपण्याच्या बेतात आहे की कधीच संपणार नाही हे बाहेरून कळत नाही. हा प्रणालीचा दोष नव्हे. कोणतीही संबंधांची यादी दिली असता दोन शब्द समान आहेत का हे प्रत्येक वेळी ठरवून देईल अशी एकच रीत असूच शकत नाही, हे पीटर नोव्हिकोव्ह या रशियन गणितज्ञाने १९५५ मध्ये सिद्ध केले. डायहेड्रल गटात आपले काम झाले ते दोन कारणांनी: वही संपते आणि पुठ्ठा हाताशी आहे.

कॅडेटांसाठी एक काम देतो. चौरसाचाच गट दुसऱ्या यादीने मांडता येतो: a² = e, b² = e, (ab)⁴ = e. पुठ्ठ्यावर a साठी s घ्या आणि b साठी rs. मग ab म्हणजे srs, आणि तो r⁻¹ आहे हे आपल्याला माहीत आहे. खालून आठ मिळणे सोपे. वरून आठ मिळवण्यासाठी लक्षात घ्या की aa आणि bb गळून पडतात, म्हणून उरलेल्या शब्दात a आणि b आळीपाळीनेच येतात. तिसऱ्या नियमाने abab = baba होते, हे आधी दाखवा. मग शून्य, एक, दोन, तीन आणि चार अक्षरांचे वेगळे शब्द किती उरतात ते मोजा, आणि पाच अक्षरांचा शब्द का टिकत नाही ते लिहा.